सा हलला का?

गाण्याचे शब्द विसरतात. चाल अर्धवट राहते. गायक कोण होता हेही डोक्यातून जातं. पण एक गोष्ट राहते: शेवटाकडे गाणं एकदम वर गेलं होतं आणि अंगावर काटा आला होता. एवढ्याच आठवणीवर लोक गाणं शोधत असतात. ‘शेवटी वर जातं बघ, ते गाणं,’ असं कुणी म्हणालं की आपण हसतो, कारण हा काय पुरावा झाला? पण हा पुरावा वाटतो त्यापेक्षा बराच भक्कम आहे. फक्त त्याला आधी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही भजनी मंडळातला पेटीवाला लगेच विचारेल. वर काय गेलं? आवाज वर गेला की सा वर गेला?

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. ‘द बॉडीगार्ड’ हा सिनेमा १९९२चा. त्यातलं व्हिटनी ह्युस्टनचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ सुरू होतं तेव्हा साथीला काहीच नसतं, नुसता आवाज. मग हळूहळू वाद्यं येतात, सॅक्सोफोनचा तुकडा होतो, आणि त्यानंतर क्षणभर सगळं थांबतं. ड्रमचा एक ठोका पडतो आणि तेच धृपद ती पुन्हा उचलते. चाल तीच, शब्द तेच, पण आता सगळं गाणं एक पूर्ण स्वर वर सरकलेलं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी जो रे होता तो आता सा झाला. ह्याला पट्टी बदलणं म्हणतात. गाणाऱ्याने फक्त वरचा सूर लावला असं झालेलं नाही. ज्या जमिनीवर सूर उभे होते ती जमीनच उचलली गेली आहे.

आता समजा तुम्हाला ह्या गाण्याचं नावगाव काहीच आठवत नाही. तरी ‘थांबतं, एक ठोका पडतो, एक स्वर वर जातं, बाई गाते’ एवढं नीट सांगता आलं तरी गाणं सापडतं, कारण प्रत्येक पट्टीबदलाची स्वतःची एक ढब असते. मायकल जॅक्सनच्या ‘मॅन इन द मिरर’मध्ये गाणं अर्धा स्वरच चढतं, म्हणजे पेटीवर अगदी शेजारच्या पट्टीवर जातं, आणि ते नेमकं ‘चेंज’ ह्या शब्दावर होतं. बॉन जोव्हीच्या ‘लिव्हिन ऑन अ प्रेअर’मध्ये उडी तीन पट्ट्यांची आहे, आणि ती घेताना एक मात्रा गाळलेली आहे, त्यामुळे गाणं वर जातं तेव्हा पायाखालची पायरी चुकल्यासारखं वाटतं. एकात विराम आहे, दुसऱ्यात शब्द आहे, तिसऱ्यात गाळलेली मात्रा. किती चढलं आणि कसं चढलं, ह्या दोन गोष्टी मिळून गाण्याचा अंगठ्याचा ठसा तयार होतो.

हे घरी तपासता येतं. फोनवर तानपुऱ्याचं एखादं अ‍ॅप उघडा. गाणं सुरुवातीपासून लावा आणि ते जिथे विसावतं, ओळ संपताना जिथे ‘घरी आलो’ असं वाटतं, तो सूर गुणगुणत धरा. तानपुरा त्या सुराला लावा आणि चालूच ठेवा. गाणं शेवटाकडे वर गेलं की तानपुऱ्याकडे कान द्या. गायिका कितीही उंच गेली आणि तरी तानपुरा गोड वाटत असेल, तर सा जागेवर आहे. तानपुरा अचानक परका, बोचरा वाटू लागला तर सा हललेला आहे. मग अ‍ॅपची पट्टी एकेक करून वर न्या आणि पुन्हा कधी जुळतं ते मोजा. एक पट्टी, दोन, तीन. एवढंच काम आहे. एक खोड मात्र लक्षात ठेवावी लागते: काही गाणी सा ऐवजी मध्यमावर किंवा पंचमावर रेंगाळतात आणि आपण त्यालाच घर समजतो. म्हणून एका ओळीवर विश्वास ठेवू नये, अख्खं कडवं ऐकून सा ठरवावा.

ही कसोटी आपल्याकडच्या जुन्या गाण्यांना लावायला घेतली की मात्र गंमत होते. भजन, पोवाडा, लावणी, जुनं नाट्यपद, काहीही घ्या. ‘शेवटी वर जातं’ अशी आठवण ह्या सगळ्यांबद्दल लोक सांगतात आणि ती खरीही असते. पण तानपुरा लावून बघावं तर सा तिथेच. सुरुवातीला होता तिथेच, शेवटीही.

ह्याचं कारण बरेच जण ‘आपल्या संगीताची आध्यात्मिक बैठक’ वगैरे सांगतात. मला ते फारसं पटत नाही. कारण आधी वाद्यांत शोधावं, आणि ते शोधायला मिरजेपेक्षा चांगली जागा नाही. एकोणिसाव्या शतकापासून मिरजेत सतार आणि तानपुरे बनतात, त्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्याला चार तारा. एरवी त्या पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्जाचा षड्ज अशा लावतात. प्रत्येक तार खुंटी पिळून, मग खालचा मणी सरकवून, मग जवारीखालचा दोरा हलवून जुळवायची असते. तबल्याची गोष्ट आणखी अवघड. उजव्या तबल्याची शाई सा ला लावलेली असते आणि तो लावायचा म्हणजे सोळा घरांभोवती हातोडी फिरवायची. आता गाण्याच्या मधोमध गवयाला वाटलं की एक स्वर वर जाऊ, तर तानपुरेवाल्याने चार तारा आणि तबलजीने सोळा घरं दोन सेकंदांत कशी चढवायची? तमाशाच्या फडातही तेच. तुणतुण्याला एकच तार, आणि ती आख्खा वेळ एकच सूर धरून असते. ढोलकीची शाईही त्याच सुरात बांधलेली. सा हलवायची इच्छा कुणाला झाली असेलही, पण हलवायला सवड नव्हती.

ह्यात एक सुंदर पळवाट मात्र आहे, आणि ती ओळखायला शिकलं की बऱ्याच जुन्या ध्वनिमुद्रिका वेगळ्या ऐकू येतात. गायक मध्यमालाच सा मानून गाऊ लागतो. ठुमरीत, धुनेत, पुष्कळ नाट्यपदांत हे होतं. ते का चालतं? कारण मध्यमापासून मोजलं तर मूळचा सा हा त्याचा पंचम होतो. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावलेली असेल, तर ती नव्या गाण्याचा सा बोलते आणि उरलेल्या तिन्ही तारा नव्या गाण्याचा पंचम बोलतात. तबलाही पंचमाला लावल्यासारखा शोभतो. एकाही वाद्याला हात न लावता घर बदलतं. आपल्याकडे सोयीचा असा पट्टीबदल तो हाच, चार सुरांचा, आणि तो सहसा गाण्याच्या शेवटी उसळी मारायला केलेला नसतो. तो आधीच ठरवून, गाणं सुरू करतानाच केलेला असतो.

मग शेवटची ती उसळी येते कुठून? पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. ज्या फडांत त्यांच्या लावण्या रंगल्या त्यांत मुख्य गाणाऱ्याच्या मागे सुरते आणि झीलकरी उभे असत. गाणारा ओळीचा शेवट सोडून देतो, झीलकरी तो उचलतात आणि वरच्या सुरात लांबवत नेतात. पोवाड्यातही तसंच. वाई तालुक्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, ह्या भागातल्या शाहिरीला ही झील अंगवळणी होती. भजनात शेवटच्या आवर्तनांना लय दुप्पट होते, टाळ वाढतात आणि एकट्या बुवांच्या जागी सगळं मंडळ तार सप्तकात गाऊ लागतं. अंगावर काटा इथेही येतो. पण इथे घर जागेवर आहे आणि माणसं छपरावर चढली आहेत. व्हिटनीच्या गाण्यात घरच उचललं जातं. दोन्हींना आपण बोलताना ‘वर गेलं’ म्हणतो, म्हणून शोधताना घोळ होतो.

*

सा हलवता येण्यासाठी एक असं वाद्य लागतं ज्याला कुठलाही सा चालतो. ते वाद्य आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आलं आणि आपण त्याला पेटी म्हणू लागलो. पेटीवाला बोटं सरकवतो आणि गाणं काळी एकऐवजी काळी दोनमधून सुरू होतं. ‘तुमची पट्टी कुठली?’ हा प्रश्नच पेटीमुळे आपल्या भाषेत आला. आणि ह्याच पेटीवरून सातारा-सांगलीत एक विलक्षण भांडण उभं राहिलं, ज्याची आठवण आता फारशी कुणी काढत नाही.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे, डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले. १९१० साली त्यांनी हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती ह्या विषयावर इंग्रजीत एक पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं असं की जुन्या ग्रंथांत सांगितलेल्या बावीस श्रुती ही कविकल्पना नाही, त्या मोजता येतात, आणि चांगला गवई गाताना नेमक्या त्याच जागा घेतो. सिद्ध करायला त्यांना एक असा गवई हवा होता ज्याचा सूर शंकेच्या पलीकडे आहे. तो मिळाला अब्दुल करीम खाँ ह्यांच्या रूपाने, जे पुढे मिरजेत राहिले आणि तिथेच चिरविश्रांती घेत आहेत. देवलांना सोबत मिळाली ती अर्नेस्ट क्लेमंट्स ह्या आयसीएस अधिकाऱ्याची. पेशाने न्यायाधीश, नाद संगीताचा. ह्या दोघांच्या पुढाकाराने १९११ साली साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाची संस्था निघाली. नाव भारदस्त, पण मूळ काम एकच: पेटी बेसूर आहे हे दाखवायचं आणि सुरेल पेटी बनवायची.

पेटी बेसूर कशी? इथे चार आकडे लागतील, पण ते सोपे आहेत. समजा सा सेकंदाला २४० कंपनांचा. शुद्ध पंचम त्याच्या दीडपट, म्हणजे ३६०. शुद्ध रे २७०. गंधार सव्वापट, ३००. धैवत ४००. तानपुऱ्याबरोबर गाताना कान ह्या जागा आपोआप शोधतो, कारण हे आकडे एकमेकांत नीट बसतात आणि सूर भिडल्यावर थरथर उरत नाही.

आता ह्याच सुरांत बसवलेल्या पेटीवर व्हिटनीची उडी मारून बघू. जुना रे हा नवा सा, म्हणजे २७०. नव्या सा चा पंचम दीडपट हवा, म्हणजे ४०५. पेटीवर त्या जागी आहे धैवत, आणि तो आहे ४००. पाच कंपनांचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो, पण सा आणि पंचम एकत्र दाबले की भात्यातून स्पष्ट वव्वव्वव्व असा थरकाप ऐकू येतो, सेकंदाला दहा वेळा. ज्या क्षणी गाणं उजळून निघायला हवं नेमक्या त्या क्षणी ते खरकटं वाटेल. दुसरा, ४०५चा धैवत जोडला तर हा प्रश्न सुटतो, पण मग नव्या पट्टीतला दुसरा कुठला तरी सूर अडतो. त्यासाठी आणखी एक रीड. ही रांग संपत नाही.

युरोपने ह्यावर केलेली तडजोड अशी: सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे करायचे. मग २४०च्या सा चा रे २७० न राहता २६९.४ होतो, गंधार ३०० ऐवजी ३०२.४, पंचम ३६० ऐवजी ३५९.६ आणि धैवत ४०३.६. म्हणजे प्रत्येक सूर थोडा थोडा चुकवायचा, पण सगळीकडे सारखाच चुकवायचा. त्यामुळे २६९.४ला सा मानलं तरी त्याचा पंचम ४०३.६ तसाच लागतो जसा आधी लागत होता. कुठूनही सुरू करा, चाल तशीच ऐकू येते. पियानो असाच लावतात आणि बाजारातली पेटीही अशीच येते. गाण्याच्या शेवटी सगळा वाद्यवृंद एक स्वर वर सरकतो आणि तरी सुरेल वाटतो, त्यामागे ही तडजोड आहे. त्या एका क्षणाची किंमत म्हणून गंधार कायमचा जरासा चढा राहतो.

देवल आणि क्लेमंट्सना ही किंमत मान्य नव्हती. त्यांनी सप्तकात बावीस श्रुती देणारी श्रुती-हार्मोनियम तयार करवून घेतली, ती लंडनमध्ये बनली. गंधार ३००चाच. पण अशी पेटी एका सा साठी बनलेली असते. ती जितकी शुद्ध तितकी एका जागी खिळलेली. हा दोष म्हणून सांगत नाही, तो तिचा स्वभाव आहे. त्यांना जे संगीत वाजवायचं होतं त्यात सा हलतच नव्हता, मग हलण्यासाठी गंधार का बिघडवायचा? त्यांचा युक्तिवाद ह्या बाजूने बिनतोड होता.

तो कोसळला दुसऱ्या बाजूने. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, पंडित भातखंडे तिचे सूत्रधार. तिथे श्रुतींवरून बराच वाद झाला. भातखंड्यांची बाजू अशी की गवई एकाच रागात, एकाच दिवशीसुद्धा, सुराच्या जागा हलक्या हाताने मागेपुढे करतो, तेव्हा बावीस जागा खिळे ठोकून पक्क्या करणं म्हणजे गाण्याला साच्यात घालणं. ह्या मुद्द्यात दम आहे असं मला वाटतं. गळ्याचा सूर म्हणजे रीड नव्हे, तो घसरत येतो, थांबतो, श्वासाबरोबर हलतो. श्रुती-हार्मोनियम पुढे मैफलीत रुळली नाही. साधी बारा सुरांची पेटी मात्र देवळात, शाळेत, नाटकात, फडात सगळीकडे पोचली. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ साली सैल केली, तोवर गावोगावच्या भजनी मंडळांनी ह्या भांडणाचा निकाल आपल्या परीने लावून टाकला होता.

गमतीची गोष्ट अशी की पेटीने सा हलवायची सोय दिली तरी आपण ती वापरली फक्त गाणं सुरू करताना. बुवांचा घसा बसलाय, आज अर्धी पट्टी खाली घ्या, एवढंच. गाण्याच्या मधोमध घर उचलण्याची हौस प्रामुख्याने सिनेमाच्या वाद्यवृंदातून आली, जिथे व्हायोलिन आणि ट्रम्पेट होते आणि कोपऱ्यात तानपुरा राखण करत बसलेला नव्हता. म्हणून एखाद्या विसरलेल्या गाण्यात शेवटी खरोखर सा हललेला सापडला, तर ते गाणं कुठे शोधायचं ह्याचा अंदाज येतो. तानपुरा आणि तुणतुण्याच्या जगात नाही, वाद्यवृंदाच्या आणि कीबोर्डच्या जगात.

*

आता एक खरा तपास सांगतो, कारण ह्यात एक फसगत आहे जी कुठल्याही घरात होऊ शकते. कोरेगाव तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरात भजनाची एक कॅसेट होती. घरातले आजोबा बुवा होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या आवाजाचं एवढंच एक ध्वनिमुद्रण. नातवाने ती कॅसेट दुकानातून फोनमध्ये घेऊन आणली आणि घरात वाद सुरू झाला. शेवटचा अभंग सात-एक मिनिटांचा. सुरुवातीचा आवाज आजोबांचाच, ह्यावर एकमत. पण शेवटाकडे गाणं वर जातं आणि आवाज बारीक होतो. काही म्हणाले, शेवटी दुसऱ्या कुणा तरुण पोराने पट्टी चढवून उचललंय. काही म्हणाले, नाही, आजोबाच असं चढवायचे. म्हणजे प्रश्न साधा नव्हता. सगळ्यात रंगलेला भाग आजोबांचा आहे की नाही, हा प्रश्न होता.

तानपुरा लावला. सुरुवातीला सा काळी एकवर बसला. शेवटच्या मिनिटात तोच सा पांढरी दोनवर जुळत होता. म्हणजे सा अर्धा स्वर हलला होता, हे पक्कं. मग पुढचा प्रश्न: कुठे हलला? दर मिनिटाला थांबवून बघितलं तर उडी कुठेच नव्हती. दुसऱ्या मिनिटाला किंचित वर, चौथ्याला आणखी किंचित, सहाव्याला बरंच. सा पायऱ्या चढला नव्हता, तो घसरगुंडीवरून उलटा वर गेला होता.

गळा असं करू शकतो. साथीला काही नसेल तर मंडळ गाता गाता नकळत चढतं, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. पण इथे पेटी वाजत होती, आणि पेटीही गळ्याबरोबर तशीच हळूहळू चढत होती. पेटीच्या आत पितळेच्या रीड असतात, कानशीने घासून बसवलेल्या. काळी एकची रीड काळी एकच बोलते. काळी एक आणि पांढरी दोनच्या मधली जागा पेटीवर नाहीच. तेव्हा पेटी जर मधल्या फटीतून सरकत असेल तर चढतंय ते गाणं नसून यंत्र आहे.

ध्वनिमुद्रण सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर झालं होतं, आणि कॅसेटच्या शेवटी सेल उतरत आले होते. सेल उतरले की मोटर मंदावते आणि फीत हळू सरकते. पुढे तीच कॅसेट विजेवरच्या यंत्रात ठरलेल्या वेगाने वाजवली की हळू नोंदलेला भाग जलद वाजतो. सूर चढतो, लय चढते आणि आवाज पोरगेला होतो, तिन्ही एकदम आणि एकाच प्रमाणात. अर्धा स्वर म्हणजे सुमारे सहा टक्के. ठेक्याचं एक आवर्तन सुरुवातीला चार सेकंदांचं होतं, शेवटी पावणेचारपेक्षा थोडं जास्त भरलं. नुसत्या लयीवरून काही सिद्ध होत नाही, भजनात शेवटी लय वाढतेच. इथे ती सुराच्या मापात मोजून तेवढीच वाढली होती, म्हणून पेटीची साक्ष आणखी पक्की झाली.

दुरुस्ती फुकट होते. ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्रॅममध्ये `Sliding Stretch` असा पर्याय आहे. सुरुवातीला काहीच बदल नाही आणि शेवटाला सूर एक पट्टी खाली, लय ५.६ टक्के कमी, असं भरलं की मधलं सगळं तो हळूहळू ओढून जागेवर आणतो. उतार सगळीकडे सारखा नसेल, कारण सेल शेवटी जास्त भरभर उतरतात, म्हणून सात मिनिटांचे दोन तुकडे करून प्रत्येकाला वेगळं माप द्यावं लागलं. प्रत्येक वेळी कसोटी एकच: पेटीचा सा तानपुऱ्याला चिकटून राहतो का.

राहिला. आणि सा जागेवर बसल्यावर शेवटचा आवाज जड झाला, शब्द सुटे झाले, अभंग तुकोबांचा आहे हे कळलं, आणि तो कुणा तरुण पोराने नव्हे, आजोबांनीच शेवटपर्यंत गायला आहे हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याने पहिल्या ओळीला ओळखलं. चढण मात्र पूर्ण गेली नाही. यंत्राची काढून टाकली तरी शेवटच्या दोन मिनिटांत गाणं वर जातंच. आजोबा ओळ अर्ध्यावर सोडतात आणि मागून सगळं मंडळ ती तार सप्तकात उचलतं. पेटी काळी एकवरच आहे. आत्या म्हणाली, ‘त्यांचा दम संपला की ते असंच सोडायचे, मग बाकीचे घ्यायचे.’